शनिवारी दुपारी निघा

‘आठवड्यातून दोनच दिवस मोकळे मिळतात. त्यात कुठे जाऊन यायचं म्हटलं तर सोमवारी ऑफिसात पेंगायची वेळ येते. हे जमवायचं कसं?’

शनिवारी दुपारी बाराला निघा आणि रविवारी दुपारी दोनपर्यंत घरी या. हे ऐकलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. दोन दिवस हातात असताना सव्वीस तासच वापरायचे? पण त्या दोन दिवसांचा हिशेब घरापासून घरापर्यंत मांडून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

लोक साधारणपणे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघतात, नाहीतर शनिवारी पहाटे. शुक्रवारी संध्याकाळी निम्मं शहर त्याच रस्त्यावर असतं. अडीच तासांचं अंतर चार तास खातं, पोहोचायला अकरा वाजतात, आणि पाच दिवसांचा शीण अंगात तसाच असतो. शनिवारी पहाटे निघणारे साडेआठला पोहोचतात, पण खोली मिळते दुपारी, कुठे बाराला तर कुठे दोनला. मग पाठीवर बॅगा घेऊन, अर्धवट झोपेत, भर उन्हात भटकायचं. खोली ताब्यात येईपर्यंत अंग इतकं आंबलेलं असतं की आडवं झालं की थेट संध्याकाळीच जाग येते.

बाराला निघालं की हे सगळं टळतं. सकाळी पोटभर झोप होते, आठवड्याचे कपडे धुऊन वाळत पडतात, भाजी-किराणा आटोपतो. रविवारी परतल्यावर ही कामं आ वासून उभी नसतात, आणि माझ्या मते सोमवारच्या पेंगण्याचं खरं मूळ तिथेच आहे. अडीचला पोहोचलात की खोली तयार असते. तासभर पडा, साडेचारला बाहेर पडा.

आणखी एक गोष्ट आहे. डोंगर असो, तळं असो, जुनं शहर असो, जागा बघण्यासारखी असते ती उतरत्या उन्हात आणि सकाळी दहाच्या आत. दुपारी उजेड डोक्यावरून येतो, सावल्या आखडतात, सगळं सपाट दिसतं, पक्षीही गप्प होतात. या वेळापत्रकात दोन्ही दुपारी गाडीत जातात आणि चांगला उजेड तेवढा तुमच्या वाट्याला येतो.

हे बसतं ते अंतर आखडतं ठेवलं तरच. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत अडीच तास, फार तर तीन. नकाशावर दिसतो तो वेळ धरू नका. तो फक्त गाडी चालत असतानाचा असतो. त्यात स्टेशनापर्यंत जाणं, गाडीची वाट पाहणं आणि तिकडे उतरल्यावरचा शेवटचा टप्पा मिळवा. घात होतो तो या शेवटच्या टप्प्यात. मोठी गाडी वेळेवर असते, पण स्टेशनापासून पुढच्या आठ किलोमीटरना वाहन नसतं. रविवारी तर फेऱ्या आणखी कमी. म्हणून ठिकाण ठरवताना आधी रविवारचं परतीचं वाहन शोधा. ते सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान मिळत नसेल, तर ठिकाण कितीही सुंदर असो, ते लांब सुट्टीसाठी राखून ठेवा.

चार मित्र चार टोकांना राहत असतील तर प्रत्येकाला दारातून उचलण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात सहज तास जातो. शहराबाहेर पडण्याच्या रस्त्यावर एकच जागा ठरवा आणि सगळ्यांनी तिथे यायचं. जो उशिरा येईल त्याने मागून यावं. हे कठोर वाटेल, पण एकदा केलं की पुढच्या वेळी सगळे वेळेवर येतात.

आता रविवारची सकाळ. नव्या जागी पहिल्या रात्री झोप सावधच लागते. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचं कारण दाखवलं होतं: अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकशा आवाजालाही सावध होतो. पुढच्या रात्रींना हा फरक दिसत नाही, पण एका मुक्कामाच्या सहलीत पुढची रात्र नसतेच. तेव्हा पहाटे जाग आली तर कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठून चालायला लागा. इथेही जागा ओळखीची असली तर फायदा होतो, म्हणून मी दर वेळी नवं ठिकाण शोधत बसत नाही.

समजा, मुक्कामापासून एका टेकडीवर जाऊन यायचं आहे. येऊन-जाऊन आठ किलोमीटर, चढ तीनशे मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला एक ठोकताळा अजून चालतो: दर पाच किलोमीटरना एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरना वर एक तास. म्हणजे अंतराचे साधारण ९६ मिनिटं, चढाची ३०, मिळून दोन तास सहा मिनिटं. पण हा हिशेब सराव असलेल्या पायांचा आहे, त्यात थांबणं धरलेलं नाही. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्याने त्यात अर्धा तास मिळवावा, फोटो काढायला आणि नुसतं बसायला आणखी अर्धा. तीन तास झाले. सहाला निघालात तर नऊला परत, मग अंघोळ, नाश्ता, साडेदहाला खोली सोडायची आणि अकराला रस्त्याला लागायचं.

त्यात एक वेळ आधीच ठरवून टाका: साडेसात. तोवर माथा आला नाही तर जिथे असाल तिथून फिरायचं. चढताना चुकतोय का हे ओळखणंही सोपं आहे. पावणेसातला निम्मा चढ मागे पडलेला नसेल, तर माथा सोडून द्या आणि तिथेच एखादी बरी जागा बघून बसा. वेग वाढवून भरपाई करायला गेलात तर उतरताना गुडघे बोलायला लागतात.

ही आखणी मोडते ती बहुतेक वेळा साडेदहाला, खोली सोडताना. कुणीतरी म्हणतं, ‘आलोच आहोत तर जाता जाता तो धबधबाही बघू.’ वाट वाकडी फक्त वीस किलोमीटरची असते. प्रत्यक्षात जाणं-येणं, गाडी लावणं, खाली उतरणं, ओले कपडे बदलणं यात तीन तास जातात. अकराला निघणारे दोनला मार्गाला लागतात आणि परतीच्या गर्दीत अडकतात. मग घरी पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि सोमवारचं पेंगणं तिथून सुरू होतं. धबधबा बघायचाच असेल तर टेकडी सोडा. दोन्ही नाही.

हिवाळ्यात चारलाच अंधार पडणाऱ्या प्रदेशात शनिवारची संध्याकाळ हाती लागत नाही, तिथे सकाळी दहाला निघणं बरं. लहान मुलं दुपारी गाडीत झोपतात, त्यांच्यासाठी बाराची वेळ उलट सोयीचीच. आणि शनिवारी अर्धा दिवस काम असणाऱ्यांनी बॅग शुक्रवारी रात्रीच भरून ऑफिसात न्यावी. घरी येऊन भरायची म्हटली की निघायला तीन वाजतात, आणि मग अडीच तासांऐवजी दीड तासावरचं ठिकाण बघावं.