स्लिप मोजून मोटरवरचा लोड काढला: माझा अनुभव

आमच्या कारखान्यातील कूलिंग वॉटर पंपाची 15 किलोवॅटची मोटर गरजेपेक्षा मोठी आहे का, हे मला ठरवायचे होते. क्लॅम्प मीटर लावला की काम होईल, असे पुष्कळांना वाटते. परंतु मोटर रिकामी फिरत असतानाही चुंबकीय क्षेत्र तयार करण्यासाठी बराच करंट घेते, त्यामुळे लोड निम्म्यावर आला तरी करंट त्या प्रमाणात उतरत नाही. स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा सिंक्रोनस वेग आणि शाफ्टचा वेग यांतील फरक, मात्र शून्यापासून पूर्ण लोडपर्यंत लोडच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढते. म्हणून मी शाफ्टचा वेग मोजण्याचा मार्ग धरला.

नेमप्लेटवर 4 पोल, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि 1460 आरपीएम असे होते. 4 पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग 50 हर्ट्झला 1500, म्हणजे पूर्ण लोडला 40 आरपीएम स्लिप अपेक्षित. सगळा हिशेब या 40 वर उभा राहतो, आणि म्हणूनच मोजमापात एक-दोन आरपीएमचीही चूक चालत नाही.

मोटर बंद करून, स्विचला कुलूप लावून कपलिंगजवळचा शाफ्ट स्वच्छ पुसला आणि त्यावर परावर्तक टेपचा एकच तुकडा चिकटवला. शाफ्टवरचा चावीचा खाचा चकाकत असेल तर ऑप्टिकल टॅकोमीटर त्याचीही गणना करतो आणि आकडा दुप्पट दाखवतो. म्हणून तो भाग मी काळ्या मार्करने झाकून घेतला. कपलिंगचा गार्ड पुन्हा बसवून, त्याच्या जाळीतून टेप दिसते याची खात्री केली. नंतर मोटर पुरेशी तापेपर्यंत चालू दिली, कारण रोटर थंड असताना त्याचा रोध कमी असतो, स्लिप कमी दिसते आणि लोड खरा आहे त्याहून कमी वाटतो.

सर्वांत जास्त काळजी फ्रिक्वेन्सीची घ्यावी लागते. ग्रिडची फ्रिक्वेन्सी सतत थोडी हलत असते आणि 0.1 हर्ट्झच्या फरकाने सिंक्रोनस वेग 3 आरपीएमने बदलतो. म्हणून मी टॅकोमीटरवर लक्ष ठेवले आणि त्याच क्षणी सहकाऱ्याने पॅनेलवरील मीटरमधून फ्रिक्वेन्सी व व्होल्टेज वाचून सांगितले. एकत्र घेतलेल्या वाचनांत फ्रिक्वेन्सी 49.95, वेग 1476 आणि व्होल्टेज 428 मिळाले. 49.95 ला सिंक्रोनस वेग 1498.5 होतो, म्हणजे स्लिप 22.5. तिला 40 ने भागले तर लोड 56 टक्के येतो. फ्रिक्वेन्सी न पाहता 1500 धरले असते, तर हाच आकडा 60 टक्के आला असता.

व्होल्टेजची दुरुस्ती अजून बाकी होती. तोच लोड असताना व्होल्टेज वाढले की स्लिप व्होल्टेजच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. म्हणून 56 टक्क्यांना 428 भागिले 415 याच्या वर्गाने, म्हणजे सुमारे 1.06 ने, गुणले आणि लोड 60 टक्क्यांच्या आसपास आला. शाफ्टवर साधारण 9 किलोवॅट.

या आकड्यावर किती विसंबावे, हे मला नेमप्लेटकडे पाहूनच ठरवावे लागले. 1460 हा आकडा बहुधा जवळच्या पूर्ण आकड्यात बसवलेला असतो. शिवाय आयईसी 60034-1 या मानकात एक किलोवॅटपासून पुढच्या मोटरच्या जाहीर स्लिपला 20 टक्के अधिक-उण्याची मुभा आहे. म्हणजे माझ्या मोटरची खरी पूर्ण-लोड स्लिप 32 ते 48 यांतील काहीही असू शकते, आणि त्यानुसार लोड 75 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत कुठेही पडतो. याच कारणाने शेजारच्या, रिवाइंड केलेल्या पंप-मोटरवर मी ही पद्धत वापरलीच नाही. तिथे मूळ वाइंडिंग बदललेले असल्यास नेमप्लेटचा आकडा त्या मोटरचा राहतच नाही. माझ्या मते स्लिपने संशयित मोटर निवडावी. मोटर बदलण्याचा निर्णय केवळ तिच्यावर घेऊ नये.

म्हणून पुढे पॉवर अ‍ॅनलायझरने इनपुट मोजले, ते 10.4 किलोवॅट आले. या लोडला कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या जवळ धरली तर शाफ्टवर सुमारे 9.3 किलोवॅट, म्हणजे 62 टक्के लोड होतो. दोन्ही आकडे जुळले. वॉल्व्ह पूर्ण उघडून पुन्हा मोजल्यावरही लोड फारसा वाढला नाही, तेव्हा 11 किलोवॅटची मोटर येथे सुमारे 85 टक्के लोडवर चालेल, असे मी कळवले. चालू स्थितीतील मोटर काढून टाकण्यापेक्षा ती जळाल्यावर रिवाइंड न करता लहान मोटर बसवावी, असे ठरले. दोन्ही मोटरच्या शाफ्टची उंची सारखी, परंतु 11 किलोवॅटची फ्रेम 160 एम आणि 15 ची 160 एल असल्यामुळे पायांच्या छिद्रांतील लांबीकडचे अंतर 254 ऐवजी 210 मिलिमीटर होते. त्यासाठी बेसमध्ये नवी छिद्रे पाडावी लागतील, ही नोंद मी त्या पंपाच्या फाईलला लावली आहे.