दमलेलं तेल

चकली तेलात सोडली की तिच्याभोवती टपोरे बुडबुडे उठतात. आतलं पाणी संपत आलं की ते विरतात, चुरचुर निवते आणि झारा घालायची वेळ होते. गेल्या दिवाळीत, फराळाच्या तिसऱ्या दिवशी, बुडबुडे विरेनातच. बारीक, साबणासारखा फेस कढईच्या कडेपर्यंत चढला. चकल्या बाहेरून लालबुंद, आतून मऊ निघाल्या. सासूबाई डोकावल्या. "अगं, तेल दमलंय. उतरव ते."

गुन्हेगार मला माहीत होता. पहिल्या दिवशी त्या तेलात शंकरपाळे तळले, दुसऱ्या दिवशी करंज्या. तोवर तेल सोनेरी होतं. मग संध्याकाळी पोरांच्या हट्टापायी त्यातच बटाटेवडे झाले. बेसनाचे थेंब तळाशी जाऊन करपले, शिवाय पिठातलं पाणी आणि मीठ. करपलेला चुरा प्रत्येक तापवणीला पुन्हा जळतो आणि तेलाला घेऊन जातो. त्यात मी कढई रात्रभर तशीच झाकून ठेवली, तीही लोखंडी. लोखंडाच्या सहवासात तेल लवकर खवटतं.

आता वडे, भजी शेवटी, हा नियम. तळण झालं की गॅस बंद करून तेल कोमट होऊ द्यायचं, चुरा खाली बसतो. स्टीलच्या गाळणीवर मलमलचं दुहेरी फडकं घालून वरचं तेल हळूच ओतायचं. तळचे दोन-तीन चमचे सोडून द्यायचे (इथे जीव तुटतो, पण सोडायचे). फडकं ठणठणीत कोरडं हवं, नाहीतर पुढच्या वेळी तेल अंगावर उडतं. मग झाकणाची कोरडी बरणी, उजेडापासून लांब, आणि एक-दोन दिवसांत संपवायचं. शक्यतो फोडणीला, पुन्हा तळणाला नाही. त्यात नवं तेल ओतून 'ताजं' करण्याचा मोह मलाही होतो, पण जुनं त्यालाही बिघडवतं.

किती वेळा? अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं, शक्यतो एकदाच. फार तर तीनदा. तापून तेलात जी 'ध्रुवीय संयुगं' साठतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरू नये, असा 1 जुलै 2018 पासून नियम आहे. ते मोजायचं यंत्र हलवायांकडे असेल. आपल्याकडे नाक आहे. नेहमीच्या आचेआधीच धूर आला, खवट वास आला, थेंब बोटांत चिकट लागला, तर तीनचा आकडा विसरायचा. वड्यांनंतर आमचं तेल एकदाही वापरण्याजोगं नव्हतं.

नुसता गडद रंग मात्र फसवतो. गुळाच्या घाऱ्या तळल्या की चांगलं तेलही काळवंडतं.

ते दमलेलं तेल सिंकमध्ये ओतलं असतं तर पाइप तुंबला असता. बाटलीत भरलं. पाडव्यापर्यंत ती ओट्याखालीच होती, आणि सासूबाई येता-जाता तिच्याकडे बघत होत्या.