सात नंबरचं भोक

मे महिन्यातली सकाळ, साडेसात वाजलेले. वर्धा जिल्ह्यातली आमची नेमबाजीची रेंज वावरांना लागून आहे आणि तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन उजवीकडून येतं. प्रशिक्षक पॉइंट बावीसच्या काडतुसांच्या नव्या लॉटची पेटी घेऊन आले. "भाऊ, हा लॉट लय वरखाली मारून राह्यला. परत करतो." पन्नास मीटरवर फरक कळेना, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी शंभरावर दहा गोळ्या मारल्या होत्या. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर कमीत कमी वेग सेकंदाला ३१८ मीटर आणि जास्तीत जास्त ३४१ आला होता. फरक २३ मीटरचा. एवढा फरक असेल तर लॉट खरंच टाकाऊ.

मी निशाणाचा कागद मागितला. सुदैवाने मारणाऱ्या पोराने प्रत्येक भोकाला नंबर टाकले होते. ही सवय मोठ्या नेमबाजांनाही नसते, आणि आकडा खरा की खोटा हे ओळखायची दुसरी सोपी वाट नाही.

हिशेब असा. ३३० च्या वेगाने सुटलेली गोळी शंभर मीटरवर जायला सुमारे ०.३२ सेकंद घेते. तेवढ्या वेळात ती अंदाजे अर्धा मीटर खाली पडते. ही पडझड वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग एक टक्का कमी झाला की पडझड दोन टक्के वाढते, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. वेगात १० मीटरचा फरक असेल तर तीन सेंटिमीटर व्हायला हवेत. प्रत्यक्षात अडीचच्या आसपास येतात, कारण आवाजाच्या वेगाजवळची गोळी हवेत जास्त वेग घालवते. मग २३ मीटरच्या फरकाला भोकांचा उभा पसारा सहा सेंटिमीटरच्या आसपास हवा. कागदावर होता ३.४. शिवाय ३४१ दाखवलेली गोळी सात नंबरची होती, ती सगळ्यांत वर हवी. तिचं भोक मधल्या ओळीच्या खाली होतं.

म्हणजे गोळी खरं बोलत होती, यंत्र खोटं.

आमचा क्रोनोग्राफ प्रकाशावर चालणारा. दोन सेन्सर ३० सेंटिमीटर अंतरावर, वर पांढऱ्या पडद्यांचे आडोसे. गोळीची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. हे अंतर गोळी एक सहस्रांश सेकंदाच्या आत कापते. एका सेन्सरने गोळी तीन मिलिमीटर उशिरा पाहिली तर एक टक्का चूक, म्हणजे ३.३ मीटर प्रति सेकंद. त्यांनी तो नळीपासून तीन मीटर पुढे बरोबर ठेवला होता, स्फोटाच्या झोताने आधीच चालू होऊ नये म्हणून. पण ठेवला होता बाभळीच्या विरळ सावलीत! पानं हलली की कधी पहिल्या सेन्सरवर ऊन, कधी दुसऱ्यावर. त्यात सकाळचं तिरपं ऊन पडद्याखाली शिरून शिशाच्या पोटावर चमकतं, आणि चमकणाऱ्या गोळीची सावली पुसट होते. चूक कायम एकाच बाजूची असती तर फक्त सरासरी बिघडली असती. हलत्या सावलीने पसाराच बिघडवला.

आम्ही यंत्र दुसऱ्या लेनमध्ये मोकळ्या उन्हात नेलं, उजव्या बाजूला पुठ्ठा उभा केला आणि गोळ्यांची नाकं मार्करने काळी केली. काडतुसं पेटीतच, शेडच्या सावलीत राहू दिली, कारण उन्हात तापलेली दारू वेग वाढवते. पुन्हा दहा गोळ्या. पाचच मारून 'फरक फक्त चार' म्हणणारे खूप भेटतात. पाच गोळ्यांत टोकाचे आकडे सापडतच नाहीत. दहा गोळ्यांत टोकाटोकाचा फरक प्रमाण विचलनाच्या साधारण तिप्पट निघतो, पाचांत सव्वादोन पटीच्या आसपास. आणि नको असलेला आकडा 'यंत्राची चूक' म्हणून खोडणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

या वेळी कमीत कमी ३२५, जास्तीत जास्त ३३४, फरक ९. उभा पसारा ३.१ सेंटिमीटर, आणि ३३४ वाली गोळी सगळ्यांत वर, ३२५ आणि ३२६ वाल्या तळाला. वेगाच्या वाट्याचे सव्वादोन, उरलेलं नेम आणि नळीचं.

"मग लॉट चांगला का?" प्रशिक्षकांनी विचारलं. पन्नास मीटरवर ९ मीटरचा फरक सहा मिलिमीटर होतो. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे त्या खेळाला चालेल. दोनशेवर मात्र अंतर शंभराच्या दुप्पट होऊन पसारा चौपटीहून जास्त वाढतो, दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. तिथे हा लॉट नको. पेटी त्यांनी ठेवून घेतली.

मला खुपतंय ते वेगळंच. लेन, पुठ्ठा आणि मार्कर मी एकाच वेळी बदलले. काम झालं, पण दोष सावलीचा होता की चमकीचा, हे अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी नाकं काळी न करता दहा गोळ्या मारायच्या आहेत, त्याच लेनमध्ये, साडेसातलाच.