हळदीचा अल्बम निळा का आला

देवगडात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो इथे बसून एडिट करतो, अल्बम छापायला कोल्हापूरच्या लॅबला पाठवतो आणि तो एसटीच्या पार्सलने परत येतो. 2023 च्या मे महिन्यात असाच एक अल्बम आला. नवरीकडचे मामा काउंटरवर उभे राहून पानं उलटत होते. हळदीच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "काय रे, आमचा चेडू असा निळसर कित्याक दिसता? हळद लायली की नीळ?"

मी हसण्यावारी नेलं, पण पान खरोखर निळसर होतं. मुंडावळ्यांचे मोती आकाशी, चेहरे धुतल्यासारखे फिके. लॅबला फोन लावला. तिथला ऑपरेटर ओळखीचा. त्याने माझी फाइल आपल्या स्क्रीनवर उघडली आणि सांगितलं, "छपाई बरोबर आहे, दादा. तुमची फाइलच निळी आहे. तुमचा मॉनिटर किती वर्षांचा?"

सहा वर्षांचा. 2017 साली एकाच दिवशी एकाच मॉडेलचे 24 इंची दोन मॉनिटर घेतले होते. एक माझ्या एडिटिंगच्या खोलीत, दुसरा बायकोच्या टेबलावर. ती लग्नपत्रिका आणि टायपिंगची कामं करते. माझा पहिल्या दिवसापासून ब्राइटनेस शंभरवर. तिचे डोळे दुखायचे म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात पस्तिसावर आणला होता. तेव्हा मी तिला हसलो होतो.

लॅबवाल्याने आपलं कलरीमीटर चार दिवसांसाठी पाठवलं. माउससारखं दिसणारं यंत्र, काचेवर टेकवायचं आणि ते प्रकाश आणि पांढऱ्याचा रंग मोजतं. त्याने एकच बजावलं होतं, मॉनिटर अर्धा तास चालू राहिल्याशिवाय मोजायचं नाही, कारण थंड असताना आकडा हलत राहतो. दोन्ही मॉनिटर अर्धा तास तापवले, दोन्हींचा ब्राइटनेस मोजण्यापुरता शंभरवर नेला आणि पांढरं पान उघडलं. खोक्यावर उजेड 250 निट्स लिहिलेला होता, पांढऱ्याचा रंग 6500 केल्व्हिन. माझा निघाला 158 निट्स आणि साधारण 5800 केल्व्हिन, म्हणजे अंधुक आणि पिवळट. बायकोचा 221 निट्स आणि जवळजवळ 6400.

मग अल्बमचं कोडं लगेच सुटलं. खोलीत पांढरी ट्यूब, तिच्या शेजारी पिवळट स्क्रीन. त्यामुळे प्रत्येक फोटो पिवळा भासायचा आणि मी त्यात निळा ओतत बसायचो. स्क्रीन अंधुक म्हणून फोटो उजळही करायचो. सहा वर्षांत हे इतकं हळू झालं की रोज बघणाऱ्या डोळ्याला त्याचा पत्ताच लागला नाही.

आता प्रश्न असा, की फरक फक्त तासांचा होता का? मी रोज दहा-साडेदहा तास बसतो, सहा वर्षांचे साधारण 19,000 तास. तिचे 15,000 च्या आसपास. एलईडीचा उजेड साधारणपणे ठरावीक प्रमाणात घटत जातो. मॉनिटरच्या माहितीपत्रकात 30,000 तास लिहिलेले असतात, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ दिवा जाणार असा नसतो, उजेड निम्मा होणार असा असतो. माझा मॉनिटर 19,000 तासांत 63 टक्क्यांवर आला, म्हणजे त्याच वेगाने निम्म्यावर यायला त्याला सुमारे 29,000 तास लागले असते. बायकोचा याच वेगाने उतरला असता तर 15,000 तासांनंतर तो 174 निट्सवर असायला हवा होता. होता 221. मधले 47 निट्स तासांच्या हिशोबात बसत नाहीत.

ते कुठे वाचले, हे समजायला आतली रचना थोडी बघावी लागते. अशा मॉनिटरच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी असते. त्या पांढऱ्या एलईडीत खरं तर निळा दिवा असतो आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळा आणि पिवळा मिळून पांढरं दिसतं. हा उजेड एका जाड अ‍ॅक्रिलिक शीटमध्ये कडेने शिरतो आणि स्क्रीनभर पसरतो. उष्णता आणि तीव्र निळा प्रकाश, ही दोन्ही या सामानाची दुश्मन. एलईडीभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, आतला चांदीचा मुलामा काळवंडतो, शीटची कड पिवळी होते. पिवळं प्लास्टिक निळा प्रकाश खातं, म्हणून स्क्रीन अंधुक होते तशी पिवळीही होते. करंट कमी केला की उजेड घटतो तशी उष्णताही घटते, आणि कमी करंटवर एलईडी त्याच विजेतून जरा जास्तच उजेड देतो. म्हणून अर्ध्या ब्राइटनेसचा फायदा अर्ध्याहून जास्त.

ब्राइटनेस कमी करायच्या दोन पद्धती असतात. काही मॉनिटर करंटच कमी करतात, काही पूर्ण करंटवर दिवा झपाझप चालू-बंद करतात. आपला कोणता, ते बघायला ब्राइटनेस वीसवर आणावा आणि पांढऱ्या स्क्रीनपुढे पेन्सिल भराभर हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर बहुधा पहिला प्रकार, पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दुसरा. माझ्याकडे सुट्या दिसल्या. या प्रकारात चालू क्षणी करंट पूर्णच असतो, पण दिवा पेटलेला वेळ कमी आणि उष्णता कमी, त्यामुळे आयुष्य तरीही वाढतं. फायदा पहिल्या प्रकाराइतका नाही, एवढंच.

एक गोष्ट कबूल करतो, फरकाचं सगळं श्रेय ब्राइटनेसला देता येणार नाही. माझी खोली पश्चिमेची, चार वाजता समुद्राकडून ऊन थेट आत. शिवाय आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर मी धूळ नको म्हणून मॉनिटरच्या पाठीवर टाकून ठेवायचो, तो चालू असतानाही. हवेची भोकं बरोबर त्याखाली. बायकोच्या मॉनिटरला ना ऊन, ना कव्हर. आणि नव्या दिवशी मोजलंच नव्हतं, त्यामुळे 250 हा खोक्यावरचाच आकडा.

छपाईच्या कामाला साधारण 120 निट्स पुरतात, तेही खोली जरा मंद ठेवली तर. म्हणजे नव्या मॉनिटरला 48 टक्क्यांवर जे मिळालं असतं त्यासाठी मी सहा वर्षं शंभर टक्के जाळत होतो, आणि तेही का, तर खिडकीला पडदा नव्हता. शंभरवर बसायची सवय ही बहुतेक वेळा खिडकीची सवय असते.

माझा मॉनिटर कॅलिब्रेट करून पाहिला. निळा कमी पडत असेल तर तो वाढवता येत नाही, लाल आणि हिरवा खाली आणावे लागतात. त्यात 158 चे 146 झाले. 120 मिळवायला ब्राइटनेस 82 वर ठेवावा लागणार, म्हणजे दिवा पुढेही जवळजवळ पूर्ण जोरात जळणार. बायकोचा मॉनिटर 55 वर तेच काम करत होता. मग अदलाबदल. ती म्हणाली, "अहो, मला अक्षरंच वाचायची आहेत. तुमचं पिवळं चालेल मला."

त्यानंतर खोलीत जाड पडदा आला आणि कव्हर स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर गेलं. मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो एका भलत्याच सवयीने. माझा स्क्रीनसेव्हर काळा होता आणि मला वाटायचं, स्क्रीन काळी म्हणजे दिवा विश्रांतीला. बहुतेक साध्या एलसीडीत तसं नसतं. काळ्या स्क्रीनमागे दिवा पूर्ण जोरात जळत असतो, पुढचा पडदा फक्त उजेड अडवतो. डार्क थीमचंही तेच, आणि रात्री पिवळसर करणाऱ्या सेटिंगचंही. त्याने डोळ्यांना बरं वाटेल, दिव्याचा तास वाचणार नाही. आता पाच मिनिटं हात लागला नाही की डिस्प्लेच बंद होतो. जेवण, गिऱ्हाईक, फोन धरून दिवसाचे दोन-तीन तास सहज वाचतात. टीव्हीवर आणखी एक फसगत आहे. तिथे 'ब्राइटनेस' बऱ्याचदा फक्त काळ्याची पातळी बदलतो, दिव्यासाठी 'बॅकलाइट' नावाचा वेगळा आकडा असतो. मॉनिटरवर मात्र 'ब्राइटनेस' म्हणजे सहसा दिवाच.

दर सहा महिन्यांनी कलरीमीटर मागवून मोजतो. अडीच वर्षांत 120 निट्ससाठी 55 चे 58 करावे लागले.

जुना मॉनिटर 2025 च्या जुलैत, भर पावसात, एका सकाळी काळा झाला. बटणाचा दिवा पेटत होता. अंधारात काचेवर टॉर्च तिरका धरला तर आत पत्रिकेची अक्षरं पुसट दिसली. चित्र जिवंत, दिवा मेलेला. दुरुस्तीवाल्याकडे नेला आणि शेजारी स्टूल ओढून बसलो. त्याने एकेक शीट काढली आणि अ‍ॅक्रिलिकची जाड शीट उजेडात धरली. वरून बघितली तर पारदर्शक, पण कडेने, एलईडीकडच्या बाजूला, जुन्या पोथीच्या कडेसारखी पिवळी पट्टी. पट्टीवरच्या चार एलईडींच्या खिडक्या तपकिरी झाल्या होत्या आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज. "खारी हवा," तो म्हणाला. एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, मध्ये एक तुटला की अख्खी रांग विझते.

त्याने मल्टिमीटरने व्होल्टेज बघून मापाची नवी पट्टी बसवली आणि एलईडींना करंट देणाऱ्या ड्रायव्हरवरचा एक रेझिस्टर काढून करंटही थोडा उतरवला. उजेड परत आला, पिवळेपणा तसाच राहिला. मी विचारलं तर म्हणाला, "दिवा नवा घातला, दादा. शीट तुमची जुनीच आहे." ती वेगळी मिळत नाही. आता तो मॉनिटर काउंटरवर बिलं दाखवतो, ब्राइटनेस चाळीसवर.