सहा महिने झिरो परसेंट, आणि तरी साडेपाच हजार जास्त

कर्जात अडकलेल्या लोकांचा हिशोब मांडून द्यायचं काम करते मी, आणि क्रेडिट कार्डवाल्या केसेस बहुतेक एकसारख्याच असतात. थकबाकी, व्याज, मिनिमम ड्यू, पुन्हा व्याज. त्यामुळे त्या दिवशी ते नवरा-बायको समोर येऊन बसले तेव्हा मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे, कारण त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं. त्यांना फक्त माझ्याकडून हो म्हणून घ्यायचं होतं.

कार्डावर एक लाख थकलेले, व्याज महिना २ टक्के. एका दुसऱ्या बँकेची बॅलन्स ट्रान्सफरची, म्हणजे ही थकबाकी त्यांच्या कार्डावर हलवायची, ऑफर हातात होती: ट्रान्सफर फी ३ टक्के, पहिले सहा महिने व्याज शून्य, आणि त्यानंतर महिना ३ टक्के. हे शेवटचं अर्थातच सगळ्यात बारीक अक्षरात. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, इथे महिन्याला २ टक्के जातायत आणि तिथे एकदाच ३ टक्के. दीड महिन्यात फी वसूल, पुढचे साडेचार महिने फुकट. यात विचार काय करायचा?"

आता हे दीड महिन्याचं गणित चुकीचं नाही बरं का. फी ३,००० आणि चालू कार्डावरचं एका महिन्याचं व्याज २,०००, म्हणजे दीड महिना. उलट कुणाकडे महिनाभरात कुठून तरी मोठी रक्कम येणार असेल आणि थकबाकी एकदमच फिटणार असेल तर मी त्याला सरळ सांगते की हलू नका, फी उगाच जाईल. पण हे गणित फक्त सुरुवात सांगतं, सातव्या महिन्यापासून काय होणार ते त्यात कुठेच नाही.

म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, महिन्याला किती भरणार? "दहा हजार," गृहस्थ लगेच म्हणाले. मग मी दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडले. आहे तिथेच राहून दरमहा १०,००० भरले तर बारा महिन्यांत कार्ड फिटतं आणि एकूण व्याज जातं साधारण १२,७००. ट्रान्सफर केलं तर फी थकबाकीतच मिळवली जाते, म्हणजे सुरुवात १,०३,००० पासून, सहा महिन्यांत ६०,००० फिटले की उरले ४३,०००, त्यावर ३ टक्क्यांनी पुढचे पाच महिने, आणि फी धरून एकूण खर्च ६,७५० च्या आसपास. जवळजवळ सहा हजार वाचले. गृहस्थांनी बायकोकडे असं बघितलं की बघ, मी सांगत नव्हतो?

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, दहा हजार कुठून आणणार आहात?"

आणि पिशवीतून गेल्या वर्षभराची स्टेटमेंट्स काढून माझ्यासमोर ठेवली, तारखेप्रमाणे लावलेली. मी पेमेंटच्या ओळी तेवढ्या पेनाने खुणावत गेले. एखाद्या महिन्यात सहा हजार, एखाद्यात तीन, मधे एक महिना नुसतं मिनिमम. सरासरी चार हजार. गृहस्थ म्हणाले आता व्याज लागणार नाही म्हटल्यावर जास्त भरू, आणि हे त्यांनी मनापासूनच म्हटलं असणार, पण माझा अनुभव असा आहे की हप्ता पगारावर आणि घरखर्चावर ठरतो, व्याजाच्या दरावर नाही. व्याज शून्य झालं म्हणून कुणाच्या घरात सहा हजार जास्त शिल्लक पडत नाहीत, उलट डोक्यावरचा ताण जरा कमी झाला की हातच सैल सुटतो.

मग मी तीच ऑफर, तीच थकबाकी, फक्त हप्ता बदलून पुन्हा मांडली. ५,००० भरले तर? आहे तिथे एकूण खर्च २९,००० ला थोडा कमी, ट्रान्सफरमध्ये २७,५००. म्हणजे सहा हजारांची बचत दीड हजारावर आली. आणि ४,००० भरले तर आहे तिथे ४०,०००, ट्रान्सफरमध्ये ४५,५००. झिरो परसेंट घेऊन साडेपाच हजार जास्त.

गृहस्थांना ते पटेना, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघणाऱ्या कुणालाही पटत नाही, म्हणून मी महिन्यामहिन्याचा तक्ताच स्क्रीन फिरवून दाखवला. सहा महिने संपतात त्या दिवशी ट्रान्सफरवाल्याची बाकी ७९,००० असते आणि न हललेल्याची ८७,४००. म्हणजे ट्रान्सफरवाला तेव्हा आठ हजारांहून जास्त पुढे आहे आणि त्या दिवशी त्याला विचारलं तर तो म्हणेल झकास निर्णय घेतला. पण सातव्या महिन्यात ७९,००० वर ३ टक्के म्हणजे २,३७० नुसतं व्याज, चार हजारातून मुद्दलात जेमतेम सोळाशे जातात. न हललेल्याची बाकी जास्त असूनही त्याचं व्याज साडेसतराशे, त्याचे सव्वादोन हजार मुद्दलात जातात. दर महिन्याला हा त्याला थोडा थोडा गाठत राहतो, विसाव्या महिन्यातही ट्रान्सफरवाला अडीचशेने पुढे असतो आणि एकविसाव्यात अडीचशेने मागे पडतो. फसवलं असं कुणी म्हणू शकत नाही, सगळं कागदावर लिहिलेलं होतं. फक्त एकविसाव्या महिन्यात बसून हा हिशोब कोण करतो?

त्यामुळे माझ्या लेखी ऑफरमधले दोनच आकडे खरे महत्त्वाचे, शेवटच्या झिरोच्या दिवशी बाकी किती उरणार आणि तिच्यावर कुठला दर लागणार. उरणारच नसेल तर नंतरचा दर ३ असो नाहीतर ५, काही फरक नाही. पण या केसमध्ये सहा महिन्यांत संपवायचं तर १,०३,००० भागिले ६ म्हणजे महिना सतरा हजारांच्या वर, आणि तेवढे असते तर ते दोघं माझ्याकडे आलेच नसते.

गृहस्थ वैतागले. म्हणाले म्हणजे राहू दे, आहे तिथेच राहतो. तेवढ्यात बायकोने आणखी एक कागद काढला. ही दुसऱ्याच बँकेची ऑफर होती, घरी आल्या आल्या यांनी बाजूला टाकलेली, कारण फी ५ टक्के होती. "तिथे पाच हजार फी कोण देणार, इथे तीन आहे ना." पण मुदत बारा महिने होती आणि नंतरचा दर महिना अडीच टक्के.

चार हजारांच्या हप्त्याने मांडलं. सुरुवात १,०५,०००, बारा महिन्यांत ४८,००० फिटले, उरले ५७,०००, तिथून पुढे अडीच टक्क्यांनी अठरा महिने. एकूण खर्च, फी धरून, १९,३५०. आहे तिथे राहिलं तर ४०,०००. महाग फीवाल्या ऑफरने खर्च निम्म्याहून खाली आणला आणि स्वस्त फीवाली तोट्यात जात होती! मी स्वतः तो आकडा दोनदा तपासला, कारण समोरच्याला एवढा मोठा फरक सांगायचा म्हणजे जबाबदारी असते. कारण सोपं आहे, फी एकदाच लागते, ती दोन हजारांनी जास्त होती, पण त्या दोन हजारांत वरचे सहा महिने बिनव्याजी मिळत होते आणि नंतरचा दरही अर्धा टक्का कमी. हप्ता लहान असणाऱ्याला मुदत हवी असते, फी थोडी जास्त गेली तरी चालते. हप्ता मोठा असेल तर याच्या नेमकं उलट.

इथे गोष्ट संपायला हवी होती पण नवीन कार्ड मंजूर होऊन आलं ते ८४,००० च्या लिमिटचं. फी पण त्याच लिमिटमधून जाते, म्हणजे ८०,००० ट्रान्सफर आणि ४,००० फी, उरलेले २०,००० जुन्या कार्डावरच. हे फार वेळा होतं आणि लोक ऑफर वाचताना हे गृहीतच धरत नाहीत, अख्खी थकबाकी उचलली जाणार असं समजून चालतात.

आता चार हजार वाटायचे कसे? गृहस्थांचं म्हणणं नवीन कार्ड आधी संपवू, कारण तिथली रक्कम मोठी आणि मुदत धावतेय. मी म्हटलं नाही, झिरोवाल्याला तूर्त फक्त लागतं तेवढंच द्या. नवीन कार्डाची किमान रक्कम सतराशेच्या आत होती, ती सतराशे धरून ऑटो पेमेंटला लावली, कारण एक हप्ता जरी चुकला तरी झिरोचा दर काढून घेता येईल अशी अट त्यांच्या कागदात होतीच (बहुतेक ठिकाणी असतेच). उरलेले तेवीसशे दरमहा जुन्या कार्डावर, जिथे २ टक्के खरंच कापले जातायत. अशाने जुनं कार्ड दहाव्या महिन्यात शून्यावर येतं, मग सगळे चार हजार नव्याकडे, आणि एकूण खर्च येतो साधारण २१,२५०. पूर्ण रक्कम ट्रान्सफर झाली असती त्याच्यापेक्षा दोन हजारांनी जास्त, पण चाळीस हजारांच्या मानाने काहीच नाही.

निघताना दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. एक, ट्रान्सफर पोचायला काही दिवस जातात, तोवर जुन्या कार्डाचा हप्ता थांबवायचा नाही, आणि ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या स्टेटमेंटमध्ये आधीच्या दिवसांचं व्याज दिसेल ते बघून घाबरायचं नाही, ते राहिलेल्या दिवसांचंच असतं. दोन, नवीन कार्डावर एकही खरेदी नाही, अगदी छोटीसुद्धा नाही, कारण झिरो फक्त ट्रान्सफर केलेल्या रकमेला आहे आणि आधीची बाकी असेपर्यंत नवीन खरेदीला बहुतेक कार्डांवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. गृहस्थ म्हणाले मग कार्ड खिशात ठेवून उपयोग काय?

"खिशात नकाच ठेवू," बायको म्हणाली आणि पाकिटासकट कार्ड तिने आपल्या पर्समध्ये टाकलं.