गाल वर घे, दादा

‘चीज म्हणा’ असं फोटोग्राफरने सांगितलं की आपण आज्ञाधारकपणे ‘ई’ लांबवतो. ‘ई’ म्हणताना ओठ कानांच्या दिशेने आडवे ताणले जातात आणि गाल जिथल्या तिथे राहतात. मग फोटोत दात सगळे दिसतात, पण डोळे बँकेत टोकन नंबरची वाट बघत बसल्यासारखे. आमच्या दादाचे लग्नापासूनचे सगळे फोटो असेच आहेत. पुतणीच्या साखरपुड्याचा अल्बम आला तेव्हा वहिनीने जाहीर केलं, “लग्नाच्या अल्बममध्ये हे चालणार नाही.” आणि नौपाड्यातल्या त्यांच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. तालीम मास्तर अर्थात मी.

हसण्याचे दोन भाग असतात हे दादाला पटवायला मला दुशेन आजोबांची मदत घ्यावी लागली. हे फ्रेंच डॉक्टर चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन त्याचे फोटो काढत. त्यांचं पुस्तक आलं 1862 मध्ये. त्यातला मुख्य म्हातारा असा निवडलेला की त्याच्या चेहऱ्याला संवेदनाच नव्हती, म्हणजे झटका दुखायचा नाही. गालातल्या एका स्नायूला वीज दिली की ओठांचे कोपरे वर जात. पण माणूस आनंदी दिसे तो डोळ्याभोवतीचा गोल स्नायूही आवळला गेला तरच. हा स्नायू आपल्या हुकमात नाही, असं दुशेन यांचं म्हणणं. खऱ्या हसण्याला आज त्यांचंच नाव आहे.

“मग सराव कसला करायचा?” दादाने लगेच वही मिटली.

पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की बऱ्याच जणांना तो स्नायू ठरवून हलवता येतो. तेव्हा माघार नाही. दादाला आरशासमोर उभं केलं, नाकाखालचा चेहरा वर्तमानपत्राने झाकला आणि फक्त डोळ्यांकडे बघून हसायला सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. भुवया जवळ आल्या, कपाळावर आठी उमटली. हे हसणं नव्हे, हा संशय! हसताना भुवयांमधली जागा सैल राहते. गाल खालून वर येतो, खालची पापणी किंचित उचलली जाते आणि तिच्याखाली छोटीशी वळकटी पडते.

इथे एक फसगत आहे. तोंड खूप ताणून हसलं तरी गाल वर ढकलले जातात आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. म्हणून सुरकुत्यांवर विसंबू नये. भुवईच्या बाहेरच्या टोकाकडे बघावं: डोळ्याचा स्नायू खरोखर आवळला गेला असेल तर ते टोक आणि त्याखालची कातडी जराशी खाली येते. अगदी जराशी. वहिनीला ते दिसलं, मला चष्मा लावूनही वेळ लागला.

तलावपाळीला फोटो काढू म्हटलं तर तिथे सकाळचं ऊन थेट तोंडावर. उन्हाने डोळे आपोआप मिटतात आणि पुन्हा तीच आठी. शेवटी झाडाच्या सावलीत उभं केलं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेळ. खरं हसू येतं, फुलतं आणि काही सेकंदांत ओसरतं. “हसत राहा, एक मिनिट” म्हणणारा फोटोग्राफर शिळं हसूच टिपतो. त्यामुळे आम्ही क्रम असा बसवला: डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, जबडा सैल, ओठ नुसते टेकलेले. मग “हं” म्हटलं की डोळे उघडणं आणि हसणं एकदम. पुतण्या मोबाईलवर बटण दाबून ठेवून फोटोंची रांगच काढतो, त्यातला एखादा तरी नेमका सापडतो.

मिटल्या डोळ्यांमागे काहीतरी हवं. हुकमाचं हसू आणि आतून येणारं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी येतं. पक्षाघातानंतर काही जणांना सांगून अर्धं तोंड हलवता येत नाही, पण विनोद ऐकला की तीच बाजू हलते! तेव्हा मी दादाला म्हटलं, “लेकीची एखादी आठवण काढ.” त्याला आठवलं, तलावपाळीच्या बोटीत बसल्याबसल्या ती नावाड्याला म्हणाली होती, “काका, जरा लवकर, लोकल चुकेल.” पहिल्याच फटक्यात गाल वर! दुसऱ्यांदाही ठीक. पुढे मात्र आठवण बोथट होत गेली, चौथ्या फोटोत तर दादा पुन्हा बँकेत. तो किस्सा आता लग्नापर्यंत राखून ठेवलाय. तालमीला आम्ही त्याच्या जुन्या साहेबांवर भागवतो.

सावलीतला तो पहिला फोटो बघून वहिनी म्हणाली, “छान आलाय. पण इतका खूश? लोक म्हणतील, मुलगी सासरी जातेय की ह्यांची बदली रद्द झाली?”