गच्चीवरचं ग्रीनहाऊस, तिसरं वर्ष: फिल्म, पॉलिकार्बोनेट आणि शेडनेट

पुण्यातली गच्ची, जीआय पाईपचा एकच सांगाडा, त्याचे सहा बाय आठ फुटांचे तीन कप्पे. पहिल्यावर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, दुसऱ्यावर ६ एमएम दुपदरी पॉलिकार्बोनेट, तिसऱ्यावर नुसतं ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट. तिन्हीत ढोबळी मिरची आणि काकडी, बाजूला रोपांचे ट्रे. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी आकडे मागितले होते म्हणून या उन्हाळ्यात नीट मोजले.

आधी उजेड. मोबाईलचं लक्स ॲप आहे, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका, पण एकाच फोनने बाहेर आणि आत पाठोपाठ मोजलं तर प्रमाण बऱ्यापैकी कळतं. बाहेरचं १०० धरलं तर धुतलेल्या फिल्मखाली ८२, पॉलिकार्बोनेटखाली ७६ आणि नेटखाली ४७. गंमत म्हणजे धुवायच्या आधी तीच फिल्म ६५ वर आलेली, समोर बांधकाम चालू आहे त्याची सगळी धूळ तिच्यावर. मऊ कापड आणि साधं पाणी, बास, घासणी अजिबात नको, ओरखडे पडतात.

आता उष्णता. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता बाहेर ३८ होतं (थर्मामीटर सावलीत टांगलेला, उन्हात टांगून ५५ आलं म्हणून घाबरू नका). फिल्मचा कप्पा मुद्दाम बंद ठेवला तर वीस मिनिटांत ५१, दोन्ही बाजू गुंडाळून वर घेतल्यावर ४३. पॉलिकार्बोनेटच्या बाजू उघडतच नाहीत, फक्त वरची खिडकी आणि दार, तिथे ४६. नेटखाली ३८, म्हणजे बाहेरच्याइतकंच. म्हणजे कव्हर कुठलं यापेक्षा वारा जायला वाट किती यावरच सगळं ठरतं. मिरचीची फुलं दोन्ही बंदिस्त कप्प्यांत गळली, नेटखाली टिकली.

मग फिल्मवर नेट टाकून बघितलं. पहिल्यांदा सरळ फिल्मवरच पसरलं, तापमान जेमतेम एका डिग्रीने उतरलं, कारण नेट स्वतः ऊन खाऊन तापतं आणि ती धग खाली फिल्मला देतं. मग दोरी ताणून दीड फूट वर बांधलं, मधून वारा खेळायला लागला आणि ४३ चं ३९ झालं.

पण हेच नेट पावसाळ्यात ठेवलं तर वाट लागते. जुलैत आधीच उजेड कमी, त्यात अर्धा नेटने खाल्ला, रोपं बारीक लांबुडकी होऊन आडवी पडली. शिवाय नेट पाऊस अडवत नाही, थेंब फक्त बारीक करून सोडतं, काकडीला केवडा आलाच. त्यामुळे मार्च ते मृग लागेपर्यंत नेट वर, नंतर गुंडाळून ठेवायचं.

थंडीचं थोडक्यात. डिसेंबरच्या निरभ्र पहाटे फिल्मच्या आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक डिग्री जास्त, कारण साध्या पॉलिथिनमधून रात्री जमिनीची ऊब निघून जाते. पॉलिकार्बोनेट ती बऱ्यापैकी अडवतं, शिवाय दोन पदरांत हवा, तिथे तीन डिग्री जास्त मिळाले. पुण्यात याने फार फरक पडत नाही, निफाडकडच्यांना पडेल.

आता खरी रड, टिकाऊपणा. फिल्म तीन वर्षं जाईल या हिशोबाने घेतलेली, अडीच वर्षांत फाटली, आणि मधे कुठे नाही, बरोबर पाईपच्या रेषेवर. जीआय पाईप उन्हात चटका बसेल इतका तापतो आणि फिल्म नेमकी तिथेच चिकटलेली असते. त्यात मी काकडीच्या भुरीवर सलग गंधक फवारलं, गंधकाने फिल्ममधलं यूव्ही संरक्षण मारलं जातं हे नंतर समजलं. फिल्म संपत आली का बघायचं तर पाईपजवळची कडेची पट्टी दोन हातांनी ताणायची: चांगली असेल तर लांबते, संपलेली तटकन तुटते. नवीन लावताना पाईपच्या वरच्या अंगाला पांढरा रंग दिलाय.

पॉलिकार्बोनेट दहा वर्षं म्हणतात, पण माझा एक पत्रा आत्ताच पिवळा पडलाय. चूक माझीच. यूव्हीचा थर एकाच बाजूला असतो आणि ती बाजू ओळखायला त्यावर छापील प्लास्टिक असतं, ते मी उत्साहाच्या भरात दोन्हीकडून सोलून टाकलं आणि मग अंदाजाने बसवलं. तीनपैकी दोन पत्रे नशिबाने सुलट लागले. दुसरी चूक, वरच्या टोकाला ॲल्युमिनियम टेप लावली नाही, पहिल्याच पावसात नळ्यांत पाणी गेलं आणि आता आत हिरवं शेवाळ, ते काही निघत नाही. खालच्या टोकाला मात्र पूर्ण बंद करणारी टेप नको, श्वास घेणारी लागते, नाहीतर आतली वाफ अडकते. स्क्रूची भोकंही स्क्रूपेक्षा दोन-तीन एमएम मोठी पाडा, दोन मीटरचा पत्रा थंडी ते उन्हाळा पाच एमएम सहज वाढतो, घट्ट आवळला की भोकापासून तडा जातो.

नेटचं काहीच झालं नाही, फक्त कडेच्या रिंगा वाऱ्याने उपटल्या.

पिवळा पत्रा दिवाळीनंतर काढणार आहे, तिथे फिल्मच लावीन आणि ती बाजू गुंडाळता येईल अशी करीन. कुणी पांढरं नेट वापरलंय का? हिरव्याच्या शेजारी लावून आकडे टाका ना.